ग्राफचे प्रश्न: कॅम्पसच्या कोडिंग राउंडसाठी सहा आठवडे

कॅम्पस प्लेसमेंटच्या कोडिंग राउंडमध्ये ग्राफचा प्रश्न ग्राफ म्हणून क्वचितच समोर येतो. प्रश्नात गोदामातला रोबो असतो, एकमेकांवर अवलंबून असलेली सॉफ्टवेअरची कामे असतात किंवा एका शब्दातून दुसरा शब्द तयार करायचा असतो. ‘ग्राफ’ हा शब्द पानभर सापडत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षीच डेटा स्ट्रक्चर्समध्ये बीएफएस आणि डीएफएस शिकलेले असतात, लेखी परीक्षेत त्यांच्या पायऱ्याही बिनचूक लिहिलेल्या असतात. तरी राउंडमध्ये तो अडतो, कारण दिलेल्या गोष्टीत नोड कशाला म्हणायचे आणि एज कशाला, हे ठरवण्याचा सराव त्याला झालेला नसतो. नोड म्हणजे ज्या स्थितीत असता येते ती जागा, आणि एज म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याची एक मुभा. एवढे ठरले की पुढचे काम तीन-चार ठरलेल्या पद्धतींपैकी एकीकडे सोपवता येते.

म्हणून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याची योजना पुस्तकातल्या प्रकरणांच्या क्रमाने आखण्यात अर्थ नाही. सहावे सत्र संपल्यावरची सुट्टी आणि सातव्या सत्राची सुरुवात यांत मिळून सहा आठवडे, रोज साधारण दीड तास, इतका वेळ ग्राफसाठी पुरेसा आहे. मात्र त्यातला निम्मा वेळ एकट्या बीएफएसला द्यावा लागतो. हे प्रमाण वाचताना विचित्र वाटेल. पण ‘कमीत कमी किती पावले’, ‘कमीत कमी किती मिनिटे’, ‘कमीत कमी किती बदल’ असे विचारणारे प्रश्न या राउंडमध्ये सारखे दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर बीएफएसच्याच वेगवेगळ्या रूपांत असते.

पहिला आठवडा इनपुट वाचण्यात आणि ग्राफ साठवण्यात घालवावा. लीटकोडवर सराव केलेल्या विद्यार्थ्याला फंक्शनमध्ये तयार यादी मिळायची सवय असते. कॅम्पस राउंडमध्ये मात्र अनेकदा स्टँडर्ड इनपुटमधून ओळी स्वतः वाचाव्या लागतात आणि तिथेच पहिली दहा मिनिटे जातात. फिनलंडमध्ये तयार झालेला सीएसईएस हा मोफत प्रश्नसंच या कामासाठी चांगला आहे, कारण त्यात प्रत्येक प्रश्नात इनपुट स्वतः वाचावे लागते. त्यातले `Building Roads` आणि `Message Route` हे दोन प्रश्न पहिल्या आठवड्यात पुरेसे आहेत. दोन्ही वेळा ग्राफ वाचण्याचा भाग कोऱ्या पानावरून, कुठेही न बघता लिहायचा:

```python
import sys
data = list(map(int, sys.stdin.buffer.read().split()))
n, m = data[0], data[1]
adj = [[] for _ in range(n + 1)]
for i in range(m):
    a, b = data[2 + 2*i], data[3 + 2*i]
    adj[a].append(b)
    adj[b].append(a)
```

या आठ ओळींत चुकायला तीन जागा आहेत. नोडची मोजणी १ पासून सुरू होत असेल तर यादीची लांबी `n + 1` हवी, नाहीतर शेवटच्या नोडपाशी प्रोग्राम कोसळतो. रस्ता दुतर्फा असेल तर एज दोन्ही बाजूंनी घालावी लागते, आणि एकेरी असेल तर शेवटची ओळ काढून टाकावी लागते. तिसरी चूक साठवण्याच्या पद्धतीची आहे. वर्गात शिकवलेली मॅट्रिक्सची पद्धत पाच नोडच्या आकृतीत सुटसुटीत दिसते, पण नोड एक लाख असतील तर तिला एक हजार कोटी घरे लागतात. एका घराला एक बाइट धरली तरी ती दहा गिगाबाइट मेमरी झाली, आणि अशा परीक्षांत मेमरीची मर्यादा बहुधा काहीशे मेगाबाइटची असते. म्हणून प्रश्न वाचताना गोष्टीच्या आधी खालचे आकडे वाचायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. एक लाख नोड आणि दोन लाख एज दिसल्या की प्रत्येक नोड व एज एकदाच हाताळणारी रीत लागणार, हे तिथेच ठरते. नोड तीन-चारशेच असतील तर सर्व जोड्यांमधले अंतर काढणारी फ्लॉइड-वॉर्शलची तीन लूपची रीतही चालून जाते.

दुसऱ्या आठवड्यात ग्रिड घ्यावे. ग्रिडमध्ये एजची यादी दिलेलीच नसते. प्रत्येक घर हा नोड असतो आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जाण्याची मुभा ही एज असते. इथे लीटकोडचा `Number of Islands` आणि सीएसईएसचा `Labyrinth` हे प्रश्न घेता येतात. पहिला प्रश्न बहुतेक विद्यार्थी रिकर्शन वापरून डीएफएसने सोडवतात, आणि लहान ग्रिडवर ते ठीकच चालते. पायथनमध्ये मात्र रिकर्शनची खोली मुळात १००० वर अडवलेली असते. हजार बाय हजारच्या ग्रिडमध्ये दहा लाख घरे असतात, आणि जमीन सलग असेल तर ही मर्यादा लगेच ओलांडली जाते. मर्यादा वाढवता येते, पण मग स्टॅकच अपुरा पडून प्रोग्राम बंद पडू शकतो. म्हणून ग्रिडवर क्यू वापरून बीएफएस लिहिण्याचाच हात बसवावा. पायथनच्या साध्या यादीतून `pop(0)` करून क्यू चालवणे टाळावे, कारण पहिला घटक काढला की मागचे सगळे घटक एकेक घर पुढे सरकवावे लागतात. त्यासाठी `deque` असते.

या आठवड्यात एक बारकावा नीट समजून घेतला पाहिजे: घर ‘पाहिले’ अशी खूण क्यूमध्ये टाकतानाच करायची, बाहेर काढताना नव्हे. फरक एका ओळीच्या जागेचा आहे, पण परिणाम मोठा आहे. खूण बाहेर काढताना केली, आणि बाहेर आलेले घर आधीच पाहिलेले आहे का हे तपासले नाही, तर एकच घर जितक्या लघुतम वाटांनी गाठता येते तितक्या वेळा क्यूमध्ये शिरते. तीन बाय तीनच्या मोकळ्या ग्रिडमध्ये एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाण्याच्या अशा वाटा सहाच असतात, म्हणून नमुना चाचणी आरामात पास होते. वीस बाय वीसच्या ग्रिडमध्ये त्या ३,५३४ कोटींहून अधिक होतात. बाहेरून दिसणारे लक्षण ठरलेले आहे: नमुन्याची उत्तरे बरोबर, लहान चाचण्या पास, आणि मोठ्या चाचण्यांवर ‘टाइम लिमिट एक्सिडेड’. हे लक्षण दिसले की नवी रीत शोधत बसण्याआधी ही एक ओळ तपासावी.

तिसरा आणि चौथा आठवडा या योजनेचा गाभा आहे. इथे नोड म्हणजे नकाशावरची जागा ही समजूत मोडावी लागते.

सुरुवात अनेक ठिकाणांहून एकाच वेळी निघणाऱ्या बीएफएसने करावी. लीटकोडच्या `Rotting Oranges` मध्ये सडकी संत्री दर मिनिटाला शेजारच्या ताज्या संत्र्यांना सडवतात आणि सगळी सडायला किती मिनिटे लागतील ते विचारलेले असते. प्रत्येक सडक्या संत्र्यापासून वेगळा बीएफएस चालवला तर काम अनेक पटींनी वाढते. त्याऐवजी सगळी सडकी संत्री शून्य अंतर देऊन सुरुवातीलाच क्यूमध्ये टाकायची, मग एकच बीएफएस पुरतो. सीएसईएसचा `Monsters` हा याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे. त्यात आधी सर्व राक्षसांपासून एक बीएफएस चालवून प्रत्येक घरात राक्षस लवकरात लवकर केव्हा पोहोचेल ते काढतात. मग माणसाचा बीएफएस चालवताना तो जिथे राक्षसाच्या आधी पोहोचतो तेवढीच घरे त्याच्यासाठी मोकळी धरतात.

यानंतरचा प्रकार विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडवतो, म्हणून तो एका उदाहरणातून पाहणे बरे. खालच्या नकाशात `S` पासून `E` पर्यंत जायचे आहे. `#` ही भिंत आहे, आणि वाटेत जास्तीत जास्त एक भिंत फोडायची मुभा आहे. कमीत कमी पावले किती?

```
S#.#E
...##
```

सरळ पहिल्या ओळीतून गेले तर चार पावले लागतात, पण दोन भिंती फोडाव्या लागतात. मुभा एकाच भिंतीची आहे, म्हणून ती वाट बाद. दुसरी वाट अशी: `S` वरून खाली उतरायचे, दोन घरे उजवीकडे जायचे, तिथून वर पहिल्या ओळीतल्या मधल्या मोकळ्या घरात यायचे, मग उजवीकडची भिंत फोडून `E` गाठायचे. एकूण सहा पावले, आणि हेच उत्तर आहे.

आता नेहमीचा बीएफएस यावर काय करतो ते पाहण्यासारखे आहे. समजा विद्यार्थ्याने क्यूमध्ये किती भिंती फोडल्या तेही लिहिले, पण ‘पाहिले’ ही खूण मात्र फक्त ओळ आणि स्तंभ यांवर ठेवली. पहिल्या ओळीतले मधले घर आधी दोन पावलांत गाठले जाते, तेही डावीकडची भिंत फोडून. त्या घरावर खूण होते. खालून चार पावलांत, एकही भिंत न फोडता येणारी वाट तिथे पोहोचते तेव्हा घर आधीच पाहिलेले असते आणि ती वाट तिथेच टाकून दिली जाते. जी वाट लवकर पोहोचली तिच्याकडे पुढची भिंत फोडायची मुभा उरलेली नाही, आणि जिच्याकडे मुभा आहे तिला आत घेतलेले नाही. प्रोग्राम ‘पोहोचता येत नाही’ असे उत्तर देतो. दिशा कोणत्याही क्रमाने तपासल्या तरी या नकाशावर हेच होते.

चूक बीएफएसची नसून नोडच्या व्याख्येची आहे. त्या मधल्या घरात मुभा संपवून उभे असणे आणि मुभा हाताशी ठेवून उभे असणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत, कारण पुढे काय करता येईल ते दोन्हीकडे वेगळे आहे. म्हणून नोड म्हणजे ओळ, स्तंभ आणि उरलेली मुभा हे त्रिकूट. दहा घरांचा हा नकाशा आता वीस नोडचा ग्राफ होतो, आणि त्यावर अगदी साधा बीएफएस चालतो:

```python
from collections import deque

def shortest(g, k):
    R, C = len(g), len(g[0])
    seen = [[[False]*(k+1) for _ in range(C)]
            for _ in range(R)]
    seen[0][0][k] = True
    q = deque([(0, 0, k, 0)])
    while q:
        r, c, left, d = q.popleft()
        if g[r][c] == 'E':
            return d
        for nr, nc in ((r+1,c), (r-1,c), (r,c+1), (r,c-1)):
            if 0 <= nr < R and 0 <= nc < C:
                nl = left - (g[nr][nc] == '#')
                if nl >= 0 and not seen[nr][nc][nl]:
                    seen[nr][nc][nl] = True
                    q.append((nr, nc, nl, d + 1))
    return -1
```

इथे `S` डावीकडे वरच्या कोपऱ्यात आहे असे धरले आहे. `left` म्हणजे उरलेली मुभा. दुसऱ्या आठवड्यातल्या बीएफएसशी ताडून पाहिले तर फक्त `seen` ला तिसरी मिती आली आहे आणि भिंतीच्या जागी एक वजाबाकी आली आहे. लीटकोडवर `Shortest Path in a Grid with Obstacles Elimination` या नावाने असाच प्रश्न आहे. फक्त तिथे घरे ० आणि १ अशा आकड्यांत दिलेली असतात आणि शेवट उजवीकडचा खालचा कोपरा असतो, त्यामुळे वरचा नकाशा तिथे चाचणी म्हणून तसाच वापरता येत नाही.

नोडमध्ये आणखी काय धरायचे, हे ठरवायला एक प्रश्न कामाला येतो: एकाच जागी दोन वाटांनी पोहोचल्यावर पुढच्या शक्यता कशामुळे वेगळ्या होतील? ज्या गोष्टीमुळे होतील ती नोडमध्ये घालायची, बाकी काही घालायचे नाही. हाती असलेल्या किल्ल्या, गाडीतले उरलेले इंधन, शेवटचे पाऊल कोणत्या दिशेने टाकले, सम पावले झाली की विषम, हे सगळे प्रश्नाप्रमाणे नोडमध्ये येऊ शकते. आतापर्यंत चाललेली पावले मात्र नोडमध्ये घालायची नसतात. बीएफएस ती पातळीच्या क्रमाने आपोआप मोजतो, आणि ती घातली तर नोडची संख्या उगाच फुगते. नोडमध्ये काही वाढवले की लगेच गुणाकार करून पाहावा. शंभर बाय शंभरच्या ग्रिडमध्ये दहा किल्ल्यांचे सर्व संच धरले तर दहा हजार गुणिले १०२४, म्हणजे एक कोटीहून थोडे जास्त नोड होतात. सी++ मध्ये ते चालून जाते. पायथनमध्ये वेळ अपुरा पडण्याचा संभव मोठा असतो.

या दोन आठवड्यांत कोड कमी लिहून प्रश्न जास्त वाचले तरी बिघडत नाही. एक वही करावी आणि प्रत्येक प्रश्नासाठी चारच गोष्टी लिहाव्यात: नोड काय, एज काय, सुरुवात आणि शेवट कुठे, आणि एकूण नोड व एज किती. लीटकोडचा `Word Ladder` घेतला तर नोड म्हणजे शब्द, आणि एका अक्षराचा फरक असलेल्या दोन शब्दांमध्ये एज. चौथ्या ओळीवर येताच एक अडचण कळते. शब्द पाच हजार असतील तर सर्व जोड्या तपासायला सव्वा कोटी तुलना लागतात, आणि प्रत्येक तुलनेत दहापर्यंत अक्षरे पाहावी लागतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाचे एकेक अक्षर बदलून सव्वीस पर्याय करायचे आणि ते सेटमध्ये आहेत का ते पाहायचे, तर दहा अक्षरांच्या शब्दामागे २६० पर्याय, म्हणजे सगळे मिळून तेरा लाखच होतात. कोडची एकही ओळ न लिहिता हा निर्णय वहीतच होतो. दिवसाला असे तीन प्रश्न वहीत मांडून त्यांतला एकच पूर्ण लिहिला, तर वेळेचा उपयोग जास्त चांगला होतो.

पाचव्या आठवड्याच्या पहिल्या अर्ध्यात दिशा असलेले ग्राफ घ्यावेत. एखादे काम दुसऱ्या कामाच्या आधी व्हायलाच हवे, अशा अटी दिल्या की टोपोलॉजिकल क्रम लागतो. आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडलेली रीत लिहायला सोपी आहे: ज्या कामांवर एकही अट उरलेली नाही ती क्यूमध्ये टाकायची, एकेक काढत त्याच्यावर अवलंबून असलेल्या कामांच्या अटी कमी करत जायचे. क्यू रिकामी झाली आणि बाहेर आलेली कामे एकूण कामांपेक्षा कमी असतील, तर उरलेल्यांत चक्र आहे. लीटकोडचा `Course Schedule` म्हणजे एवढेच. इथे दुतर्फा ग्राफची सवय आड येते. दुतर्फा ग्राफमध्ये, ज्या नोडवरून आलो तो सोडून दुसरा कोणताही पाहिलेला नोड पुन्हा भेटला की चक्र सापडले असे म्हणता येते. दिशा असलेल्या ग्राफमध्ये तसे म्हणता येत नाही. १ वरून २ आणि ३ ला जाता येते, आणि २ व ३ या दोन्हींवरून ४ ला, अशा ग्राफमध्ये ४ दोनदा भेटतो, पण चक्र कुठेच नाही. डीएफएसने चक्र शोधायचे असेल तर नोड पाहिला आहे एवढे पुरत नाही, तो आत्ता चालू असलेल्या वाटेवरच आहे का हे वेगळे नोंदवावे लागते. कानची रीत ही भानगड टाळते, म्हणून राउंडमध्ये तीच लिहावी.

दुसऱ्या अर्ध्यात वजन असलेल्या एज येतात. प्रत्येक एजची किंमत वेगळी असेल आणि एकही ऋण नसेल, तर डाइक्स्ट्राची रीत वापरतात. ती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. बीएफएस पक्का झालेल्या विद्यार्थ्याची इथे एक हमखास चूक होते, आणि तिचे मूळ दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या चांगल्या सवयीतच असते. बीएफएसमध्ये खूण आत टाकताना करायची असते, तर डाइक्स्ट्रामध्ये ती बाहेर काढताना. अ पासून ब ला १० रुपये लागतात, अ पासून क ला १ रुपया आणि क पासून ब ला २ रुपये. अ पाहताना ब हा १० या किमतीने हीपमध्ये जातो. तेव्हाच त्याच्यावर पक्की खूण केली, तर क मार्गे येणारी ३ रुपयांची वाट नाकारली जाते आणि उत्तर १० येते. बीएफएसमध्ये प्रत्येक एजची किंमत सारखीच असल्यामुळे जो आधी आत गेला तोच जवळचा असतो. किमती वेगवेगळ्या झाल्या की हीपमधून जो सर्वांत कमी किमतीने बाहेर येतो तोच पक्का. सी++ आणि जावामध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते: एज लाखभर आणि प्रत्येकीची किंमत शंभर कोटींपर्यंत असेल, तर बेरीज साध्या `int` च्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेत मावत नाही. उत्तर अचानक ऋण दिसू लागले की कारण बहुधा हेच असते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिकलेली नोड वाढवण्याची युक्ती इथेही तशीच चालते. सीएसईएसच्या `Flight Discount` मध्ये पूर्ण प्रवासात एकाच तिकिटावर निम्मी सूट देणारे कूपन असते. आधी सर्वांत स्वस्त मार्ग काढून मग त्यातले सर्वांत महाग तिकीट निम्मे करावे, असे वाटणे साहजिक आहे. पण ते चुकते. एक मार्ग ३०० रुपयांच्या दोन तिकिटांचा, म्हणजे ६०० चा आहे आणि दुसरा थेट ८०० चा आहे असे धरू. कूपन वापरल्यावर पहिला ४५० ला पडतो आणि दुसरा ४०० ला. आधी महाग असलेला मार्ग आता स्वस्त ठरला. नोड म्हणजे शहर आणि कूपन वापरले की नाही, अशी जोडी धरली की हा घोळ मिटतो. प्रत्येक तिकिटापाशी पूर्ण किंमत देऊन पुढे जाणे ही एक एज आणि निम्मी देऊन, कूपन संपवून जाणे ही दुसरी एज. बाकी डाइक्स्ट्रा जसाच्या तसा.

याच आठवड्यात एक दिवस डिसजॉइंट सेटला द्यावा. रस्ते एकेक करून जोडले जात असतील आणि प्रत्येक रस्त्यानंतर किती वेगळे गट उरले असे विचारले असेल, तर दर वेळी नव्याने बीएफएस चालवण्यापेक्षा ही रीत कितीतरी जलद आहे. कोड पंधरा-वीस ओळींचा आहे आणि तो सरळ पाठ केला तरी चालतो. ग्राफचे नोड दोन रंगांत असे रंगवता येतात का, की कोणतीही एज एकाच रंगाच्या दोन नोडना जोडणार नाही, हे तपासण्याचा प्रश्नही बीएफएसमध्ये दोन ओळी घालून सुटतो. मॅक्सिमम फ्लो, स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट्स, ब्रिज शोधणे हे विषय अभ्यासक्रमात असले तरी सहा आठवड्यांच्या या योजनेत त्यांना जागा नाही. त्यांना लागणारा वेळ नोड ठरवण्याच्या सरावातून काढावा लागतो, आणि तो सौदा परवडत नाही.

सहाव्या आठवड्यात नवे काही शिकू नये. एक दिवसाआड दीड तासाचे घड्याळ लावून तीन न पाहिलेले प्रश्न सोडवावेत. त्यांत ग्राफचा एकच असावा आणि तो कितवा आहे हे आधी माहीत नसावे, कारण ग्राफचा प्रश्न ओळखणे हेच तर तपासायचे असते. हा सराव ज्या भाषेत राउंड द्यायचा त्याच भाषेत, आपोआप शब्द पुरवणाऱ्या एडिटरशिवाय करावा. मधल्या दिवसांत दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यांतले सोडवलेले प्रश्न कोऱ्या पानावरून पुन्हा लिहावेत. जुना कोड वाचल्यावर तो येतो असे वाटते, पण लिहायला बसले की नेमकी खुणेची ओळ चुकीच्या जागी पडते.

घड्याळ लावलेल्या सरावात पहिली सहा-सात मिनिटे तिन्ही प्रश्न वाचून त्यांचे आकडे टिपण्यात जावीत. ग्राफच्या प्रश्नासाठी वहीतल्या त्याच चार ओळी कच्च्या कागदावर लिहाव्यात, आणि त्या लिहिता येत नसतील तोवर कोड सुरू करू नये. कोड झाल्यावर नमुन्याखेरीज चार लहान चाचण्या स्वतः द्याव्यात: एकच नोड असलेला ग्राफ, एकही एज नसलेला ग्राफ, दोन तुटक भागांचा ग्राफ, आणि सुरुवात व शेवट एकच असलेला ग्राफ. लपवलेल्या चाचण्यांवर ‘राँग आन्सर’ येते तेव्हा दोष बऱ्याचदा या चारांपैकी एकात सापडतो. ‘रनटाइम एरर’ आली तर यादीची लांबी आणि रिकर्शनची खोली पाहावी. वेळ संपल्याचा शेरा आला तर खुणेची जागा, क्यूचा प्रकार आणि नोडमध्ये काही जादा घातले आहे का, या क्रमाने तपासावे.

पास झालेल्या चाचण्यांच्या प्रमाणात गुण मिळत असतील, आणि तशी सूचना बहुधा राउंडच्या सुरुवातीला दिलेली असते, तर अर्धवट सुटलेला प्रश्नही कोरा सोडू नये. वजन असलेल्या ग्राफवर डाइक्स्ट्रा आठवत नसेल आणि नोड कमी असतील, तर प्रत्येक एजवरून पुन्हा पुन्हा फिरून अंतरे कमी करत जाणारी बेलमन-फोर्डची रीत दहा ओळींत लिहून होते. नोड एकूण `n` असतील तर `n - 1` फेऱ्या पुरतात, आणि एखाद्या फेरीत एकही अंतर बदलले नाही तर तिथेच थांबता येते. मोठ्या चाचण्यांवर ती वेळेत बसत नाही, पण लहान चाचण्यांची उत्तरे बरोबर देते. किमती ऋण असतील, पण फिरून आल्यावर बेरीज ऋण होणारे चक्र नसेल, तर अशा प्रश्नात तीच योग्य रीत असते, कारण तिथे डाइक्स्ट्राच्या उत्तराची खात्री देता येत नाही.